तेलाखाली शिरणारं पाणी

डब्यात वांग्याची तर्रीदार भाजी नेली होती असं धरू. डबा स्टीलचा असेल, तर संध्याकाळी तो घासायला फारसे कष्ट पडत नाहीत. तोच डबा प्लॅस्टिकचा असेल तर मात्र दोनदा घासूनही आतून बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं. नुसत्या पाण्याखाली धरला तर दोन्ही डब्यांवरून पाणी ओघळून जातं आणि तेल जागच्या जागी राहतं. पाण्याचा जोर वाढवला, डबा हातभर पाण्यात बुडवून ठेवला, तरी फार फरक पडत नाही. थेंबभर साबण पडला की मात्र चित्र पालटतं. हा पालट नेमका कशामुळे होतो, हे समजलं तर साबण कुठे वाया जातो, कधी कमी पडतो आणि कुठे त्याचा उपयोगच नाही, हेही आपोआप कळतं.

तेल आणि पाण्याचं वैर आहे असं आपण म्हणतो. खरं तर वैर असं काही नसतं. पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ फार जबरदस्त असते. एका रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनला धरून असतो आणि ही पकड सगळ्या बाजूंनी असते. तेलाच्या रेणूत हायड्रोजन आणि कार्बनच्या लांब साखळ्या असतात आणि त्यांच्याशी पाण्याला अशी पकड जमत नाही. तेलाचा कण मध्ये आला की पाण्याची आपसातली पकड तिथे तुटते, म्हणून पाणी त्याला बाहेर ढकलून पुन्हा एकमेकांना धरतं. तेल वेगळं पडतं ते या कारणाने. ताटावर पसरलेल्या तेलाला उचलायचं तर पाण्याला तेल आणि धातू यांच्या फटीत शिरावं लागेल, तेलाला सगळीकडून लागून राहावं लागेल. नुसतं पाणी ते करत नाही. ते स्वतःचा पृष्ठभाग होईल तितका आखडून घेतं. पृष्ठताण म्हणतात तो हाच.

हा पृष्ठताण मोजायची चांगली रीत भांडी घासता घासता सुचली. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग या गावी आग्नेस पोकेल्स नावाची एक मुलगी राहत होती. तिचा जन्म 1862चा. त्या काळी तिथल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता. आईवडील आजारी, त्यामुळे घर सांभाळणं आणि स्वयंपाकघर हेच तिच्या वाट्याला आलं. धाकटा भाऊ भौतिकशास्त्र शिकत होता, त्याच्याकडून तिला पुस्तकं मिळायची. भांडी धुण्याच्या पाण्यात तेलातुपाचा अंश आला, साबण आला, की पाण्याचा पृष्ठभाग वेगळा वागतो हे तिने हेरलं आणि विशीच्या आसपास स्वतःच एक उपकरण बनवलं.

उपकरण म्हणजे पत्र्याचं एक अरुंद पन्हाळं होतं: 70 सेंटिमीटर लांब, 5 सेंटिमीटर रुंद, 2 सेंटिमीटर उंच. ते काठोकाठ पाण्याने भरायचं आणि त्यावर पत्र्याची एक पट्टी आडवी अशी ठेवायची की तिची खालची बाजू पाण्याला टेकेल. पट्टी सरकवली की तिच्या एका बाजूचा पृष्ठभाग आकसतो आणि दुसरीकडचा पसरतो. त्यावर तरंगणारा तेलकट थर हवा तितका दाबता येतो किंवा पातळ करता येतो. पृष्ठताण मोजायला तिने जेमतेम 6 मिलिमीटर व्यासाची एक चकती घेतली आणि ती पाण्यापासून सुटायला किती वजन लागतं ते ताजव्यात पाहिलं. तिच्या हाती आलेली मुख्य गोष्ट अशी: थर विरळ असेपर्यंत पाण्याला त्याचा पत्ताही नसतो, पृष्ठताण जवळजवळ स्वच्छ पाण्याइतकाच राहतो. पट्टी सरकवत थर एका ठराविक मर्यादेपर्यंत दाटला, की पृष्ठताण एकदम घसरू लागतो.

जानेवारी 1891 मध्ये तिने हे सगळं पत्राने इंग्लंडमधल्या लॉर्ड रॅले यांना कळवलं. पत्र जर्मन भाषेत होतं. रॅले यांच्या पत्नीने त्याचा अनुवाद केला आणि रॅले यांनी ते शिफारशीसह ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पाठवलं. मार्च महिन्यात ते छापून आलं. पदवी नाही, प्रयोगशाळा नाही, अशा एका बाईचं काम ओळखणारा माणूस योग्य जागी होता, हे विज्ञानाचं भाग्य म्हणायला हवं.

पुढचा धागा अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूर यांनी उचलला. 1917 साली त्यांनी पोकेल्सबाईंची पद्धत सुधारून घेतली आणि पाण्यावर वेगवेगळ्या मेदाम्लांचे थर दाबून पाहिले. मेदाम्ल म्हणजे तेलातुपाचा मुख्य घटक. साबण तयार होतो तोही यातूनच. तेल किंवा चरबी अल्कलीबरोबर उकळली की मेदाम्ल सुटं होतं आणि सोडियमला किंवा पोटॅशियमला जोडलं जातं. लँगम्यूर यांनी 16 कार्बनचं मेदाम्ल घेतलं, 18 कार्बनचं घेतलं, त्याहूनही लांब साखळीचं घेतलं. रेणू पाण्यावर आडवे पसरत असते, तर लांब रेणूने जास्त जागा अडवायला हवी होती. पण दाटीवाटीच्या थरात प्रत्येक रेणूला लागणारी जागा जवळपास सारखीच निघाली. याचा अर्थ एकच निघतो. रेणू पाण्यावर उभे असतात, शेतात दाट उभ्या असलेल्या पिकासारखे. एक टोक पाण्यात रोवलेलं आणि बाकीची साखळी पाण्याबाहेर.

साबणाचं सगळं मर्म या उभ्या रेणूत आहे. त्याच्या एका टोकाला विद्युतभार असतो, ते पाण्यात सुखाने राहतं. त्याला डोकं म्हणू. उरलेली साखळी तेलाच्याच जातीची, ती शेपूट. आख्ख्या रेणूची लांबी अडीच नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे एका मिलिमीटरात असे चार लाख रेणू एकापुढे एक मांडता येतील. पाण्यात टाकल्यावर हा रेणू डोकं पाण्यात आणि शेपूट पाण्याबाहेर राहील अशी जागा शोधतो. हवेला लागून असलेला पृष्ठभाग ही अशी एक जागा. तेल आणि पाण्याची सीमा ही दुसरी. तिथे शेपूट तेलात शिरते, डोकं पाण्यात राहतं. ही सीमा साबणाने भरली, की तेलाला लागून राहणं पाण्याला पूर्वीसारखं जड जात नाही. स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण 72 धरला, तर साबणाच्या पाण्याचा 30च्या आसपास उतरतो.

आता हेच ताटात पाहू. काचेच्या पसरट भांड्यात पाणी घ्यायचं. प्लॅस्टिकच्या झाकणाच्या तुकड्यावर शेंगदाणा तेलाचा थेंब बोटाने पसरून तो तुकडा पाण्यात अलगद बुडवायचा आणि जड वस्तू ठेवून तळाशी दाबून धरायचा. तेल चिकटून बसलेलं दिसेल. मग भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब कडेने सोडायचे आणि न हलवता थांबायचं. आधी तेलाच्या डागाची कड बदलू लागते. सपाट पसरलेली कड आत ओढली जाते, डाग लहान होतो पण उंच होतो. थोड्या वेळाने त्याचा फुगीर गोळा बनतो आणि तळाशी त्याची मान बारीक होत जाते. बहुतेक तेल सुटून वर येतं, कारण ते पाण्यापेक्षा हलकं असतं. हाताने जरासं ढवळलं तर उरलेलंही सुटतं. इथे साबणाने तेल विरघळवलेलं नाही. साबणाचे रेणू तेलावर बसले तसेच प्लॅस्टिकवरही बसले, त्यामुळे पाण्याला तेलाच्या कडेखाली शिरायला वाट मिळाली आणि पाण्यानेच तेल उपटलं. घासणी फक्त या कामाला हात देते.

डब्यांचा फरकही यातूनच उलगडतो. स्टीलला आणि काचेला पाणी बऱ्यापैकी धरतं, म्हणून साबणाची थोडी मदत मिळाली की पाणी तेलाखाली घुसतं. डब्याचं प्लॅस्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीन असतं आणि तेही कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्यांचंच बनलेलं असतं. म्हणजे तेल आपल्याच जातभाईवर पसरलेलं असतं. त्याला सोडवायला साबण जास्त लागतो, वेळ जास्त लागतो आणि कोमट पाण्याचा उपयोग होतो. तूप किंवा वनस्पती असेल तर कोमट पाणी जवळजवळ अनिवार्यच, कारण थिजलेला मेद हलत नाही आणि जो हलत नाही त्याचा गोळा होत नाही. थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाचंही तेच होतं, ते साधारण 24 अंशांखाली गोठतं.

तेल सुटलं, पण ते परत बसू नये याचीही सोय हवी. नुसत्या पाण्यात तेल घुसळलं तर बारीक थेंब होतात, पण हात थांबला की एकमेकांत मिसळून पुन्हा तवंग धरतात. साबण असेल तर प्रत्येक थेंबाभोवती भारित डोक्यांचं कवच तयार होतं. सगळ्या कवचांवर एकाच जातीचा ऋणभार, म्हणून थेंब एकमेकांना लांब ठेवतात. पाणी दुधी दिसतं ते या तरंगत्या थेंबांमुळे.

शाळेच्या पुस्तकांत याच ठिकाणी मायसेलचं चित्र असतं: साबणाच्या रेणूंचा गोल पुंजका, शेपट्या आत, डोकी बाहेर आणि मधोमध तेल. चित्र चूक नाही, पण त्यावरून वाटतं की ताटावरचं सगळं तेल या पुंजक्यांत भरून जातं. मायसेल फार लहान असतो, चार-पाच नॅनोमीटरचा. धुण्याच्या पाण्यातले तेलाचे थेंब बहुधा त्याच्या शेकडो-हजारो पट मोठे असतात. बरंचसं तेल त्या मोठ्या थेंबांच्या रूपाने वाहून जातं. मायसेल थोडं तेल पोटात घेतो, पण त्याचं मोठं काम राखीव साठ्याचं आहे. तेलाची नवी सीमा उघडी पडली की तो सुटा होऊन तिथे रेणू पुरवतो.

मग एका ताटाला साबण लागतो किती? हिशेब करून पाहण्याजोगा आहे. ताटावर 1 ग्रॅम तेल उरलं आणि त्याचे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे थेंब झाले, तर त्या सगळ्या थेंबांचा पृष्ठभाग मिळून सुमारे साडेसहा चौरस मीटर भरतो, म्हणजे एका छोट्या खोलीच्या फरशीएवढा. एवढी जागा साबणाच्या एकेरी थराने मढवायला लागणारा साबण मात्र 10 मिलिग्रॅमही होत नाही. एका ग्रॅमचा शंभरावा भाग. एवढ्यात काम भागत असेल तर साबणाची वडी इतक्या लवकर झिजते कशी, असा प्रश्न पडायला हवा.

त्याचं उत्तर पुष्कळ ठिकाणी पाण्यात असतं. बोअरचं पाणी बहुधा जड असतं, कारण खडकातून झिरपताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं. कॅल्शियमला साबणाची दोन-दोन डोकी एकदम पकडता येतात आणि त्यातून जो पदार्थ तयार होतो तो पाण्यात विरघळतच नाही. बादलीच्या कडेला बसणारा पांढुरका चिकट थर तो हाच. एका लिटरमध्ये 300 मिलिग्रॅम कठीणपणा असलेलं पाणी घेऊ. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालेल असं धरलेलं आहे, तेव्हा 300 म्हणजे काही टोकाची गोष्ट नव्हे. असं पाणी दर लिटरमागे जवळपास 1.8 ग्रॅम साबण फुकट खातं. 15 लिटरच्या बादलीत साबण कालवला तर त्यातला 27 ग्रॅमच्या घरातला भाग तेलापर्यंत पोचण्याआधीच साका होऊन बसतो. तेलाला हवे होते ते काही मिलिग्रॅम. जड पाण्याच्या गावात साबण बादलीत न घालता थेट ओल्या घासणीवर किंवा हातावर घ्यावा तो यासाठी. कमी पाण्यात कॅल्शियमही कमी असतं.

भांडी घासायच्या वडीला आणि लिक्विडला आपण साबण म्हणतो, पण रसायनाच्या दृष्टीने ते साबण नसतात. त्यांतल्या रेणूचं डोकं वेगळं असतं. कॅल्शियमने ते पकडलं तरी साबणासारखा साका सहजी बसत नाही, म्हणून जड पाण्यात ते पुष्कळ बरं टिकतं. वडीत शिवाय सोडा आणि खनिजाची बारीक पूडही असते, ती घासायला. लिंबाचा मामला असाच. खऱ्या साबणाच्या पाण्यात लिंबू पिळलं तर आम्लामुळे साबणाचं पुन्हा मेदाम्ल होतं, पाणी फाटल्यासारखं दिसतं आणि उलट तेलकटपणाच वाढतो. लिक्विडला हा धोका नाही. पितळी भांड्याला चिंच लावायची असेल तर ती साबणाबरोबर लावू नये. चिंच काळपटपणा काढते, तेल काढत नाही. दोन्ही कामं वेगवेगळी आणि वेगवेगळ्या वेळी करायची.

काम नीट चाललंय की नाही हे ओळखायची खूण फेसात आहे. फेस स्वतः तेल काढत नाही, पण शिल्लक साबण किती आहे हे तो सांगतो. तेल आणि जड पाणी साबण खातात आणि साबण संपत आला की फेस बसतो. भांडी धुण्याच्या उत्पादनांची चाचणी घेताना तेलकट बशा एकामागून एक धुतात आणि फेस मोडेपर्यंत किती निघाल्या ते मोजतात. घरीही तोच नियम लागू पडतो. टबातल्या पाण्यावरचा फेस गेला असेल तर त्यात आणखी भांडी धुतल्याने एकाचं तेल दुसऱ्याला लागतं. म्हणून पेले आधी, ताटं नंतर, कढई शेवटी.

कढईचा विषय निघाला की साबणाची मर्यादाही सांगायला हवी. कढईच्या बाहेरून जमलेला तपकिरी-काळा, लाखेसारखा थर हाही मुळात तेलच होता. पण वारंवार तापून त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंतून घट्ट जोडल्या गेल्या. तो आता वाहत नाही, त्याचे थेंब होत नाहीत, म्हणून साबणाला तिथे काही करता येत नाही. तो खरवडावा लागतो किंवा कडक अल्कलीने तोडावा लागतो. चुलीवरच्या भांड्यांना राख लावायची पद्धत या दृष्टीने विचारपूर्वक होती. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ते अल्कलीधर्मी, शिवाय राख खरखरीत आणि तेल शोषणारी. फणसाचा चीक हे दुसरं उदाहरण. कोकणात फणस कापताना आधी हाताला आणि सुरीला खोबरेल तेल चोळतात. चीक साबणाला दाद देत नाही, पण तेलात सैल पडतो, आणि ते तेल मग साबणाने निघतं.

हातांच्या बाबतीत मात्र थोडा विचार करून साबण वापरावा. ताटाला स्वतःचं तेल नसतं, त्वचेला असतं. ग्रंथींतून पाझरणारं तेल वरवर पसरतं, आणि त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरात पेशींच्या मधल्या जागा सेरामाइड, कोलेस्टेरॉल, मेदाम्लं अशा मेदांनी लिंपलेल्या असतात. अंगातलं पाणी उडून जाऊ न देणं हे त्या लेपाचं काम. साबणाला बाहेरची वंगणाची घाण आणि हा लेप यांतला भेद कळत नाही. वारंवार धुतल्याने लेप विरळ होतो, हात कोरडे पडतात, भेगा पडतात. साबणाचं पाणी अल्कलीधर्मी असतं, 9-10 पीएचचं. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, 5च्या आसपास. त्यामुळे धुऊन झाल्यावरही काही काळ हात ओढल्यासारखे वाटतात. दिवाळीच्या अभ्यंगात तेलानंतर उटणं लावतात, तिथे हरभऱ्याचं पीठ वरचं तेल टिपून घेतं आणि आतल्या लेपाला फारसं छेडत नाही. रिठ्यात आणि शिकेकाईत सॅपोनिन असतं. त्याच्या रेणूलाही डोकं आणि शेपूट असतेच, पण डोक्यावर साबणासारखा भार नसल्याने जड पाण्यात त्याचा साका होत नाही.

शेवटी मोरीतून गेलेल्या तेलाबद्दल. साबणाने तेल नष्ट होत नाही, फक्त पाण्याबरोबर पुढे जातं. गटारात साबण विरळ होतो, पाणी गार होतं, थेंब पुन्हा एकत्र येतात, आणि मेदाम्लांचे कॅल्शियमशी खडे धरतात. 2017 साली लंडनमधल्या व्हाइटचॅपल भागात गटारात असाच 250 मीटर लांब, सुमारे 130 टन वजनाचा घट्ट गोळा सापडला. त्यात चरबीबरोबर ओले पुसणे आणि इतर कचरा अडकलेला होता आणि तो फोडायला आठवडे लागले. तेव्हा कढईतलं उरलेलं तेल मोरीत ओतू नका. तेलकट ताट-कढई पाण्याखाली धरण्याआधी जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्याने पुसून घ्या आणि तो कागद कचऱ्यात टाका. साबण कमी लागेल आणि तुमच्या इमारतीची नळी तुंबणार नाही.